बॅगेवर 1350, बिलातही 1350, तरी 810 रुपये जास्त: खतविक्रेत्याला दरदुरुस्तीचं पत्र कसं लिहावं

प्रश्न: नागपूरच्या एका कृषी सेवा केंद्रातून 14 जूनला 12 बॅग डीएपी आणि 8 बॅग युरिया उधारीवर घेतला. डीएपीच्या बॅगेवर 1350 छापलंय, बिलातही दर 1350 च आहे, पण एकूण 19,142 लावलेत. माझ्या हिशोबानं 18,332 व्हायला पाहिजे. दोनदा तोंडी सांगितलं, तर शेठ म्हणतात, "टॅक्स आहे भाऊ, पुढच्या बिलात पाहू." दहा वर्षांचं खातं आहे, पुढंही उधारी लागेल. संबंध न बिघडवता पत्र कसं लिहू? मी हिंगणा तालुक्यातला कास्तकार आहे.

उत्तर:

तुमचा हिशोब बरोबर आहे. शेठ "टॅक्स आहे" म्हणतात तेही खोटं नाही, खतावर 5 टक्के जीएसटी आहेच. चूक या दोन गोष्टींच्या मधल्या फटीत आहे, आणि पत्रात नेमकी तीच जागा दाखवता आली पाहिजे. "तुम्ही डीएपीचा दर जास्त लावला" एवढंच लिहिलंत तर दुकानातला मुनीम बिलाची प्रत काढेल, दराच्या रकान्यावर बोट ठेवेल आणि म्हणेल, "हे पाहा, 1350 च तर लावलाय." मग तुम्ही खोटे ठराल आणि विषय तिथंच मिटेल.

मी बरीच वर्षं काउंटरच्या पलीकडच्या बाजूला बसलो आहे. नागपूर जिल्ह्यातल्याच एका खत-बियाण्याच्या दुकानात मी दिवाणजी होतो, आता दोन-चार दुकानांची हिशोबाची कामं बघतो. त्यामुळे तुमचं बिल कसं बनलं असेल ते मला न बघताही सांगता येतं. बिल हातात घ्या आणि ताडून पाहा.

बॅगेवर छापलेली 1350 ही कमाल किरकोळ किंमत आहे आणि तिच्यात जीएसटी धरलेला असतो. 1350 ला 1.05 ने भागा, 1285.71 येतात. ही झाली करापूर्वीची किंमत. तिच्यावर 5 टक्के, म्हणजे 64.29 कर चढला की परत 1350. आता तुमच्या बिलासारख्या बिलात दराचा रकाना करापूर्वीचा असतो आणि कर सगळ्यात खाली केंद्राचा अडीच टक्के, राज्याचा अडीच टक्के असा वेगळा लागतो. म्हणून दराच्या रकान्यात 1285.71 यायला हवे होते. तिथं कुणीतरी 1350 टाकले, आणि संगणकानं त्याच्यावर आणखी 5 टक्के चढवले. तुम्हाला एक बॅग 1417.50 ला पडली. एका बॅगेमागे 67.50 जास्त, बारा बॅगांचे 810. तुमचा आकडा हाच.

आता त्याच बिलात युरियाची ओळ बघा. माझा अंदाज आहे की तिथं दर 266.50 नसून 253.81 असेल. कारण 266.50 ला 1.05 ने भागलं की 253.81 येतात, आणि तुमचं एकूण 19,142 तेव्हाच जुळतं. डीएपीचे 16,200 आणि युरियाचे 2030.48 मिळून 18,230.48. त्याच्यावर दोन्ही कर मिळून 911.52. बेरीज बरोबर 19,142. म्हणजे एकाच बिलात युरियाचा दर करापूर्वीचा घेतला आणि डीएपीचा करासकट. तुमच्या हातातला सगळ्यात भक्कम पुरावा हाच, आणि तो दुकानाच्याच कागदावर आहे. यावर मुनीमला उत्तर नसतं. युरियाला जी रीत लावली ती डीएपीला का नाही, एवढंच विचारायचं.

यात लबाडी असेलच असं धरू नका. माझ्याच हातून हे एकदा झालंय. मृगाच्या तोंडावर नवीन कंपनीचा माल आला, मी घाईत संगणकात मालाचं नाव चढवलं आणि "दर करासकट आहे" ही खूण करायची राहिली. बाकी सगळा माल बरोबर, तेवढा एकच चुकीचा. काउंटरवर ही गर्दी, कुणाला वेळ आहे बघायला? दहा-बारा दिवस त्या मालाची सगळी उधारीची बिलं 5 टक्क्यांनी फुगून गेली. रोखीवाल्यांनी लगेच ओरड केली, कारण पैसे मोजून द्यायचे होते. मग त्यांच्यापुरतं हातानं कमी करून दिलं, पण बिल कुठं चुकतंय ते कुणी शोधलं नाही. उधारीवाल्यांना कळलं नाही, कारण उधारीचं बिल घडी करून डब्यात जातं आणि कापूस येईपर्यंत कुणी उघडत नाही. शेवटी एका म्हाताऱ्या कास्तकाराची चार ओळींची चिठ्ठी आली, त्यात 1.05 चा भागाकार करून दाखवला होता. तेव्हा माझे कान लाल झाले. तुमच्यासारख्याच आणखी वीस-पंचवीस जणांच्या खात्यात तीच चूक बसली होती.

म्हणून पत्राचा सूर चोर पकडल्याचा नको, चूक दाखवल्याचा हवा. आणि मजकूर इतका नेमका हवा, की दिवाणजीला वाचता वाचता कॅल्क्युलेटर घ्यावासा वाटेल.

पत्राआधी तीन कागद गोळा करा. पहिला, उधारीचं बिल. ते नसेल तर आधी मागून घ्या. खत नियंत्रण आदेश 1985 नुसार विक्रेत्याला प्रत्येक खरेदीची रोख किंवा उधारीची पावती द्यावीच लागते, त्यामुळे "उधारीला बिल नसतं" हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. दुसरा, पॉस मशीनची पावती. आधार देऊन अंगठा लावला तेव्हा जी चिटोरी निघाली ती. अनुदानित खताचं अनुदान कंपनीला त्या मशीनवरच्या विक्रीवरूनच मिळतं, म्हणून ही पावती महत्त्वाची. तुमच्या पावतीत डीएपीचे 16,200 आणि युरियाचे 2132 दिसले पाहिजेत. बेरीज 18,332. म्हणजे एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच मालाचे दोन कागद निघाले आणि दोन्हीत 810 चा फरक आहे. ही पावती उन्हानं आणि खिशातल्या घामानं पुसट होते, आजच तिचा फोटो काढून ठेवा. हरवली असेल तर दुकानात मागा, विक्रीची नोंद मशीनमध्ये राहते.

तिसरा कागद हा कागदच नाही, रिकामी बॅग आहे. आपल्याकडे खत फेकून झालं की बॅगेची चुंगडी होते, तिच्यात तूर भरली जाते. एक तरी बॅग बाजूला ठेवा आणि छापील किंमत, कंपनीचं नाव, वजन आणि महिना दिसेल असा फोटो घ्या. डीएपीचा भाव सगळ्यांनाच पाठ असतो, त्यामुळे तुमच्या बाबतीत बॅगेवाचूनही चालेल. पण 10:26:26 किंवा 20:20:0:13 सारख्या मिश्र खतात किंमत कंपनीगणिक वेगळी असते आणि हंगामाच्या मधातही बदलते. तिथं बॅगेवाचून काहीच सिद्ध होत नाही. शेजाऱ्याला शंभर रुपयांनी स्वस्त मिळालं म्हणून आपलं बिल चुकीचं ठरत नाही. त्याची कंपनी वेगळी असू शकते, किंवा त्याला दुकानदारानं छापील किमतीच्या खाली दिलं असेल. छापील किमतीच्या खाली विकायला दुकानदार मोकळा आहे, वर विकायला नाही.

इथं जरा थांबून एक तपासणी सांगतो, कारण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचा फरक तुमच्यासारखा 5 टक्क्यांचा नसेल. जास्त लागलेली रक्कम बॅगांनी भागायची आणि आलेला आकडा छापील किमतीशी ताडायचा. बरोबर 5 टक्के निघाले तर कर दोनदा लागलाय. फरक पाच-दहा रुपयांचा, गोल आकडा असेल तर बहुतेक हमाली किंवा गाडीभाडं दरात मिसळलंय. गावापर्यंत माल पोचवायचं भाडं ठरलं असेल तर ते द्यावं, पण त्याची ओळ वेगळी हवी, खताच्या दरात ते घुसवता येत नाही. फरक शंभर-दोनशेचा आणि आडवातिडवा असेल तर दोन शक्यता. एक तर शेजारच्या ग्रेडचा दर लागलाय, किंवा माल जुन्या छपाईचा आणि दर नव्या छपाईचा. कंपनीनं भाव वाढवला की संगणकात नवा दर चढतो, पण गोदामात जुनी थप्पी असते. जुन्या थप्पीतल्या बॅगेला तिच्यावर छापलेलीच किंमत लागते, नवी नाही. या सगळ्यात पत्राचा सांगाडा तोच राहतो, फक्त कारणाचा परिच्छेद बदलतो.

आणखी एक जागा बघून घ्या. बिलाच्या माथ्यावर दुकान कंपोझिशन योजनेत असल्याचं लिहिलंय का? लहान दुकानं या योजनेत असतात. तसं असेल तर त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही, मग दर काहीही असो, खालच्या कराच्या दोन्ही ओळीच चुकीच्या. तुमच्या बिलात कर वेगळा दाखवलाय म्हणजे दुकान नेहमीच्या नोंदणीचं असावं, तरी नजर टाका.

आता पैशाचं. पत्र देता देता काय मागायचं? नवं बिल नको आणि पेनानं खाडाखोड तर मुळीच नको. शेठ तुमच्या प्रतीवर पेनानं 810 कमी करून सही करून देतील आणि तुम्हाला वाटेल झालं. पण त्यांच्या वहीत 19,142 च नावे राहतात. दिवाळीनंतर खातं मिळवताना दुसरा मुलगा काउंटरवर असेल, तो संगणकात दिसेल तेच मागेल. "पुढच्या बिलात पाहू" याचं हेच होतं. यात शेठचा हेतू वाईट असेलच असं नाही, पण तोंडी सवलत संगणकात चढत नाही. शिवाय काही दुकानदार ठरावीक मुदतीनंतर व्याज धरतात, ते व्याजही फुगलेल्या रकमेवर चालू राहतं.

मागायची ती क्रेडिट नोट. इथं शब्दाचा घोळ होतो, म्हणून सांगून ठेवतो. क्रेडिट बिल म्हणजे उधारीचं बिल, तुमच्या नावे रक्कम टाकणारं. क्रेडिट नोट त्याच्या उलटी, तुमच्या खात्यात रक्कम जमा करणारी. जीएसटी कायद्याच्या कलम 34 मध्ये तिची सोय आहे. बिलात किंमत किंवा कर जास्त लागला असेल तर विक्रेता मूळ बिलाला जोडून क्रेडिट नोट काढतो. यात दुकानदाराचाही फायदा आहे, तो पत्रात एका ओळीत सांगायचा. तुमच्या 810 मध्ये 771.43 मालाचे आहेत आणि 38.57 कराचे. चुकीच्या बिलानं तो कर दुकानाच्या अंगावर जास्तीचा चढला. क्रेडिट नोट काढली की तो वजा करता येतो. पण त्याला मुदत आहे. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंतच ती विवरणपत्रात दाखवता येते. तुमचं बिल जून 2025 चं असेल तर 30 नोव्हेंबर 2026. वेळ भरपूर आहे, पण जितक्या लवकर तितकं त्यांच्या कर सल्लागाराला सोपं.

उधारी अख्खी अडवून धरू नका. "आधी बिल दुरुस्त करा, मग पैसे" असं म्हटलं की 810 चा वाद 19 हजारांचा होतो आणि पुढच्या हंगामात बॅग मागायला गेल्यावर "माल संपला" ऐकावं लागतं. बरोबर निघणारे 18,332 ठरलेल्या मुदतीत देईन, हे पत्रातच लिहा. वादातली रक्कम फक्त 810. आणि खातेउताऱ्यावर "बाकी मान्य" म्हणून सही मागितली, तर दुरुस्ती होईपर्यंत ती सही करू नका. करावीच लागली तर सहीखाली "डीएपी दरफरक 810 वगळून" असं आपल्या हातानं लिहा. लेखी मान्य केलेली बाकी नंतर नाकारणं फार जड जातं.

पत्र साध्या कागदावर, हातानं लिहिलेलं चालतं. मी असं लिहीन:

---

दिनांक: 7 जुलै 2025

प्रति,
श्री. (मालकांचे नाव) यांस,
(दुकानाचे नाव), नागपूर

विषय: उधारीचे बिल क्र. ( ), दि. 14 जून 2025 मधील डीएपीच्या दराची दुरुस्ती व रु. 810 ची क्रेडिट नोट मिळण्याबाबत.

माननीय शेठजी,

सप्रेम नमस्कार.

माझे आपल्या दुकानात दहा वर्षांपासून खाते आहे. वरील बिलाने मी 12 बॅग डीएपी व 8 बॅग युरिया उधारीवर घेतला. माल पूर्ण व चांगला मिळाला, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

बिलात डीएपीच्या दरात चूक झालेली दिसते. डीएपीच्या बॅगेवरील छापील किंमत रु. 1350 असून तीत जीएसटी धरलेला आहे. बिलात दराच्या रकान्यात हीच रक्कम करापूर्वीचा दर म्हणून लिहिली गेली व तिच्यावर पुन्हा 5 टक्के कर लागला. त्यामुळे एक बॅग रु. 1417.50 ला पडते. करापूर्वीचा दर रु. 1285.71 असायला हवा होता. त्याच बिलात युरियाचा दर रु. 253.81 असा करापूर्वीचा बरोबर घेतला आहे व करासह तो रु. 266.50 होतो.

बिलाची एकूण रक्कम रु. 19,142 आहे. दुरुस्त दराने डीएपीचे 12 × 1350 = रु. 16,200 व युरियाचे 8 × 266.50 = रु. 2132 मिळून रु. 18,332 होतात. फरक रु. 810. त्याच दिवसाच्या पॉस मशीनच्या पावतीवरही एकूण रु. 18,332 च आहेत.

तरी कृपया रु. 810 ची (माल रु. 771.43 व कर रु. 38.57) क्रेडिट नोट वरील बिलाचा क्रमांक टाकून द्यावी व माझ्या खात्यात त्याच तारखेची बाकी रु. 18,332 करावी. क्रेडिट नोट काढल्यास जास्तीचा कर आपल्यालाही विवरणपत्रात वजा करता येईल.

रु. 18,332 मी आपल्यात ठरल्याप्रमाणे मुदतीत भरीन. हिशोबात माझी काही चूक असल्यास कळवावे, मी दुकानात येऊन समजून घेईन. पंधरा दिवसांत, म्हणजे 22 जुलैपर्यंत, क्रेडिट नोट मिळावी ही विनंती.

सोबत: 1) उधारीच्या बिलाची छायाप्रत 2) पॉस पावतीची छायाप्रत 3) बॅगेवरील छापील किमतीचा फोटो

आपला,
(सही)
(नाव, गाव, तालुका हिंगणा, मोबाईल क्रमांक, दुकानातील खाते क्रमांक)

---

यातल्या दोन-तीन गोष्टी मुद्दाम घातल्या आहेत. "माल पूर्ण व चांगला मिळाला" हे वाक्य बिनकामाचं वाटेल, पण ते असलं की शेठला दर सोडून दुसऱ्या वादात शिरता येत नाही. "हिशोबात माझी चूक असल्यास कळवावे" ही नम्रता तर आहेच, शिवाय उत्तर देण्याचा भार त्यातून त्यांच्यावर जातो. गप्प बसले तर हिशोब खोडता आला नाही असाच अर्थ निघतो. कायद्याची कलमं, कृषी अधिकारी, ग्राहक आयोग यांचा उल्लेख पहिल्या पत्रात नाही तो याचसाठी, की अजून कुणी नकार दिलेला नाही. धमकीचं पत्र वाचून दिवाणजी ते मालकाकडे नेतो, मालक वकिलाकडे. हिशोबाचं पत्र दिवाणजी स्वतःच मिटवतो, आणि तुम्हाला तेच हवंय.

विषयाच्या ओळीत रक्कम घालायला विसरू नका. जुलैत दुकानात कागदांचा ढीग असतो. "बिलाबाबत" असा विषय वाचून पत्र खाली जातं, "रु. 810 ची क्रेडिट नोट" वाचून कुणीतरी वही उघडतं.

पत्राच्या दोन प्रती करा. एक द्या आणि दुसरीवर दुकानाचा शिक्का, सही आणि तारीख घ्या. सकाळी अकराच्या आत किंवा पाऊस लागून पडलेला असेल त्या दिवशी जा, काउंटर मोकळं असतं. चार गिऱ्हाइकांसमोर पत्र पुढे करू नका, शेठला ते अपमानासारखं वाटतं आणि मग शिक्का मिळत नाही. पोच द्यायला नाही म्हणाले तर भांडू नका. तीच प्रत स्पीड पोस्टनं पाठवा, पावती जपा आणि पत्राचा फोटो दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. त्यावर "बघतो" एवढं उत्तर आलं तरी पत्र मिळाल्याचा पुरावा झाला.

पंधरा दिवसांत काहीच नाही झालं तर दुसरं पत्र. ते चार ओळींचं असावं. पहिल्या पत्राची तारीख द्यायची, 810 अजून दुरुस्त झाले नाहीत असं म्हणायचं आणि खाली "प्रत माहितीसाठी: कृषी अधिकारी, पंचायत समिती, हिंगणा" असं लिहायचं. मात्र दुकान नागपूर शहरात आहे, त्यामुळे परवाना आणि तपासणी ज्यांच्याकडे येते त्यांच्याकडे अर्ज वळवला जाईल. थेट जायचं तर जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांचं कार्यालय नागपुरातच आहे. पत्रात प्रत लिहिली म्हणजे ती खरंच द्या, नुसती भीती दाखवू नका. त्या कार्यालयाकडून काय होईल याचीही जाणीव असू द्या. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं हा त्यांचा विषय आहे, ते तपासणी करतील, खुलासा मागतील, परवान्यावर कारवाई करू शकतील. तुमचे 810 वसूल करून हातात देणं हे त्यांचं काम नाही. त्यासाठी ग्राहक आयोग आहे, पण 810 साठी तिथल्या खेपांचाच खर्च जास्त व्हायचा. तुमचं काम पैसे परत आणण्याचं नसून नावे पडलेली रक्कम कमी करून घेण्याचं आहे, ही तुमची जमेची बाजू. उधारी आहे म्हणून पैसे अजून तुमच्याच खिशात आहेत.

एक अडचण येऊ शकते. पॉस पावती तुमच्या नावाची आहे ना, बघा. गर्दीत अंगठा उठत नाही म्हणून दुकानदार कधी कधी दुसऱ्याच्या आधारवर माल काढतात आणि बिल मात्र तुमच्या नावानं करतात. असं झालं असेल तर पत्रातलं पॉस पावतीचं वाक्य आणि सोबतची छायाप्रत, दोन्ही काढून टाका. युरियाच्या ओळीचा आणि छापील किमतीचा पुरावा पुरेसा आहे. दुसऱ्याच्या नावाची पावती जोडलीत तर वाद दराचा राहणार नाही.

क्रेडिट नोट हातात आली की काउंटरवरच चार गोष्टी वाचा. तिला स्वतःचा क्रमांक आणि तारीख हवी. मूळ बिलाचा क्रमांक आणि 14 जून ही तारीख हवी. रक्कम 810 हवी. कराची विभागणी 19.29 आणि 19.29 अशी दिसेल, म्हणून बेरीज 810.01 होऊन खाली एक पैसा कापलेला दिसला तर त्यात काही खोट नाही. कारणाच्या जागी "दरफरक" असावं. "सूट" किंवा "डिस्काउंट" लिहिलं असेल तर बदलून मागा, नाहीतर उद्या तेच म्हणतील की आम्ही मेहेरबानी केली. मग तिथंच खातेउतारा काढायला सांगा. शेवटची बाकी 18,332 दिसली की तो उतारा, बिल आणि क्रेडिट नोट एकाच पिनेत लावा. आता बाकीची सही मागितली तर बिनधास्त करा.